त्यांचीच रजा, तुमचा बॉण्ड

प्रति,
राज्यातील खासगी कंपन्या, कारखाने आणि संस्थांचे मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



मी पुण्यात कामगार कायद्याचे काम करते. माझ्याकडे एरवी बडतर्फीच्या नोटिसा, थकलेली ग्रॅच्युइटी, बदलीचे आदेश असे कागद येतात. विद्यापीठांच्या परीक्षा जवळ आल्या की त्यांत बॉण्डची भर पडते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेले असतात, आणि घेऊन येणारी माणसे बहुधा पंचविशी-तिशीतली असतात. दिवसा तुमच्याकडे नोकरी करतात, रात्री आणि रविवारी एम.बी.ए., एम.कॉम., एम.टेक. किंवा एखादी पदविका पूर्ण करत असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, सही करू का? नाही केली तर परीक्षेला रजा मिळणार नाही, आणि केली तर अडकून पडेन."

हा प्रश्न त्यांनी मला विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता, असे मला वाटते, म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी अनेकांना मी ओळखते. तुम्ही माणसांना मुद्दाम छळता असे माझे म्हणणे नाही. पण शिक्षणासाठी रजा देताना घातल्या जाणाऱ्या अटींपैकी कुठल्या कायद्यात बसतात आणि कुठल्या केवळ कागदावर दरारा निर्माण करतात, हा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो. जुना मसुदा कुठूनतरी येतो, रकमेची जागा भरली जाते आणि सही घेतली जाते.

आधी तुमच्या बाजूचे मान्य करते. खासगी नोकरीत अध्ययन रजा किंवा परीक्षा रजा द्यायलाच हवी, असे सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सशुल्क शैक्षणिक रजेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७४ चा करार आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे वेगळी, जादा, पगारी परीक्षा रजा देणे किंवा न देणे हा तुमच्या धोरणाचा भाग आहे. दिली तर तिच्याबरोबर अटी घालण्याचा अधिकारही तुम्हाला आहे. किमान दोन वर्षे नोकरी झालेली असावी, अभ्यासक्रम कामाशी निगडित असावा, एका विभागातून एकाच वेळी दोघांहून अधिक जण रजेवर नसावेत, वेळापत्रक आणि हॉल तिकीट जोडावे, पेपर झाल्यावर हजेरीचा पुरावा द्यावा, एकाच विषयासाठी दुसऱ्यांदा पगारी रजा मिळणार नाही, अशा अटींना कायद्याचा आक्षेप नाही. मीही माझ्या अशिलांना त्या पाळायलाच सांगते.

अडचण सुरू होते ती दुसऱ्या टप्प्यावर. तुम्ही परीक्षा रजा म्हणून जे देता, ते बहुतेक वेळा जादा काही नसतेच. ती त्या माणसाची स्वतःची शिल्लक रजा असते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथल्या कामगाराला वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा आहे. वर्षात २४० दिवस काम केले की दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही देय रजा नाकारली, तर ४५ दिवसांवर जाणाऱ्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांवरची माणसे या कायद्यातून वगळलेली आहेत, हे खरे. त्यांच्या बाबतीत नेमणूकपत्र आणि रजेचे धोरण पाहावे लागते. कारखान्यातल्या कामगारांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्यात १८० दिवसांच्या कामानंतर वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने पगारी रजा आहे, आणि मागूनही न दिलेली रजा कुठल्याही मर्यादेशिवाय पुढच्या वर्षात नेता येते.

ही रजा केव्हा घ्यायची, यात तुमच्या सोयीला जागा आहे. ती कशासाठी घ्यायची यात नाही. माणूस त्या दिवसांत गावच्या जत्रेला जाईल, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन करून आणील किंवा संख्याशास्त्राचा पेपर देईल. जत्रेला जाणाऱ्याकडून तुम्ही बॉण्ड घेत नाही, मग पेपर देणाराच का सापडतो? अर्जावर कारण खरे लिहिले म्हणूनच ना? याचा परिणाम मी पाहते. माणसे कारण लिहायचेच सोडून देतात. तापाचे प्रमाणपत्र आणतात, आजी आजारी असल्याचे सांगतात. मग एखाद्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकावरचा फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतो आणि खोटे कारण दिल्याबद्दल चौकशी लागते. खोटे बोलणे चूकच आहे, आणि मी अशिलाला तसे सांगते. पण खरे बोलण्याची किंमत तीन लाखांचा बॉण्ड असेल, तर माणूस कुठल्या बाजूला ढकलला जातो ते तुम्हीही पाहावे.

तीन लाख हा आकडा मी एका खऱ्या बॉण्डमधून घेतला आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, आणि त्या मुलीची ओळख पटेल असेही काही लिहीत नाही.

ती एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी कंपनीत खरेदी विभागात होती. पगार बेचाळीस हजार. मुक्त विद्यापीठातून एम.बी.ए. करत होती आणि सगळे शुल्क तिने स्वतः भरले होते. परीक्षेसाठी तिने दहा दिवस मागितले. त्यातले आठ तिच्या अर्जित रजेतले आणि दोन बिनपगारी. रजा मंजूर करताना तिच्यापुढे बॉण्ड आला. त्यात लिहिले होते : परीक्षेनंतर दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास तीन लाख रुपये एकरकमी भरीन, तोपर्यंत पदवीची मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवीन, आणि नोकरी सोडल्यानंतरही दोन वर्षे त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या कंपनीत काम करणार नाही. पहिल्या पेपरला चार दिवस उरले होते. तिने सही केली.

पंधरा महिन्यांनी तिला दुसरीकडे चांगली संधी आली. राजीनामा दिला, सूचनेची मुदत पूर्ण काम करून भरली. कंपनीने शेवटच्या महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे रोखून धरले, प्रमाणपत्रे देईना, आणि तीन लाखांची नोटीस पाठवली.

आता हा बॉण्ड एकेका कलमाने वाचू या. कारण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असाच मसुदा आहे, याची मला खात्री आहे.

दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, ही अट स्वतःहून बेकायदा नाही. भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंदी आणणारे करार निरर्थक ठरवते, पण नोकरी चालू असतानाचे बंधन त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच निरंजन शंकर गोळिकरी यांच्या प्रकरणात सांगितले आहे. अर्थात माणसाला कामावर डांबून ठेवण्याचा हुकूम कुठलेही न्यायालय देत नाही. वैयक्तिक सेवेचा करार तसा अंमलात आणता येत नाही. फार तर भरपाई मागता येते. म्हणून खरा प्रश्न रकमेचा आहे.

रकमेबद्दल करार कायद्याचे कलम ७४ बोलते. करारात आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या आकड्यापर्यंतच, पण रास्त असेल तेवढीच भरपाई देते. १९६३ च्या फत्तेचंद प्रकरणापासून ही भूमिका कायम आहे. नुकसान मोजणे अवघड असेल तेव्हा करारातला आकडा अंदाज म्हणून धरता येतो, हेही पुढच्या निकालांनी सांगितले. पण मुळात काहीतरी नुकसान झालेले असावे लागते. २०१५ च्या कैलाश नाथ प्रकरणात न्यायालयाने हे पुन्हा बजावले.

मग या कंपनीचे नुकसान काय झाले? आठ दिवसांच्या अर्जित रजेचा पगार तिला कधी ना कधी मिळणारच होता, रजा म्हणून किंवा रोख म्हणून. दोन दिवस बिनपगारी होते, म्हणजे कंपनीने उलट वाचवले. शुल्क तिचे, पुस्तके तिची, प्रवास तिचा. तिच्या जागी नवा माणूस शोधण्याचा खर्च असेल, पण तो कुणीही राजीनामा दिला तरी होतो, आणि त्यासाठीच सूचनेची मुदत असते. ती तिने भरली होती. शिवाय जी रजा आधीच तिची होती, ती दिली हा नव्या बंधनाचा मोबदला कसा ठरेल? करार टिकायला दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावे लागते. इथे एका बाजूने फक्त घेतले होते.

याच ठिकाणी मला हमखास एक उत्तर मिळते : "मॅडम, विजया बँकेचा निकाल वाचला नाही का?" वाचला आहे, आणि तुम्हीही तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. १४ मे २०२५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, हे बरोबर. पण त्याचा आधार काय होता? ती सरकारी बँक होती. तिला भरतीसाठी जाहिरात, खुली स्पर्धा, लांबलचक प्रक्रिया हे सगळे पुन्हा करावे लागते. अट भरतीच्या जाहिरातीतच होती, म्हणजे उमेदवाराला अर्ज करण्याआधी ती माहीत होती. पद वरिष्ठ व्यवस्थापकाचे होते, आणि राजीनामा देणे अशक्यच व्हावे इतकी रक्कम मोठी नव्हती, असे न्यायालयाने पाहिले. परीक्षेला चार दिवस उरले असताना पुढे केलेला कागद आणि हा बॉण्ड एका मापाने मोजता येणार नाहीत. त्या निकालाने रकमेची आणि परिस्थितीची तपासणी बंद केलेली नाही. उलट ती कशी करायची ते दाखवले आहे.

नोकरी सोडल्यानंतरची दोन वर्षांची बंदी हे तर या बॉण्डमधले सर्वांत पोकळ कलम आहे. नोकरी संपल्यावर माणसाने कुठे काम करायचे नाही, हे ठरवणारी अट कलम २७ खाली निरर्थक आहे. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या निकालापासून न्यायालये हेच सांगत आली आहेत. कंपनीची गुपिते जपण्याची वेगळी अट घाला, ती टिकेल. पण खरेदी विभागातल्या माणसाने खरेदीचेच काम करू नये म्हणजे त्याने पोट कशावर भरायचे?

प्रमाणपत्रांबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण इथे मला सर्वांत जास्त राग येतो. पदवीचे प्रमाणपत्र हा गहाण ठेवायचा दागिना नाही. तो कागद विकून कुणाला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर धारणाधिकार चालत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने अशा वादांमध्ये सांगितले आहे. करार कायद्याचे कलम १७१ ज्यांना वस्तू अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क देते, त्या यादीत नोकरी देणारा मालक नाही. तपासणीसाठी मूळ प्रत पाहा, साक्षांकित प्रत ठेवा आणि मूळ त्याच दिवशी परत द्या. ज्या मुलीबद्दल मी लिहिते आहे, तिला नव्या कंपनीत रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे दाखवायची होती. तिने विद्यापीठाकडे दुसरी प्रत मागायचे ठरवले, तर त्यासाठी प्रमाणपत्र हरवल्याचे प्रतिज्ञापत्र लागणार होते. ते हरवलेले नव्हते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र करायला मी तिला मनाई केली. नवी नोकरी देणारी माणसे समजूतदार होती, थांबली. सगळीकडे थांबत नाहीत.

राहिला रोखलेला पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे ती सांगते. पगारातून कुठल्या कपाती करता येतात, याची यादीही तिने दिली आहे आणि एकूण कपातीला वेतनाच्या निम्म्याची मर्यादा घातली आहे. बॉण्डच्या वादग्रस्त रकमेची एकतर्फी वसुली ही त्या यादीतली बाब नाही. तुमचे म्हणणे आहे की ती रक्कम येणे आहे? दावा लावा. पण न्यायाधीशाची भूमिका घेऊन स्वतःच निकाल देऊ नका आणि वसुलीही स्वतःच करू नका. भविष्य निर्वाह निधीला तर तुम्ही हातही लावू शकत नाही. तो जप्तीपासून सुरक्षित आहे. काही कंपन्या नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरायचे मुद्दाम टाळतात. दोन महिन्यांनी ती तारीख सभासद स्वतः भरू शकतो, हे आता माझ्या अशिलांना पाठ झाले आहे.

या प्रकरणाचा शेवट असा झाला. आम्ही उत्तरी नोटीस दिली आणि तीत कंपनीला एवढेच विचारले, की या परीक्षेवर तुमचा नेमका किती खर्च झाला, त्याचा तपशील पावत्यांसह कळवा. उत्तर आले नाही. काही आठवड्यांनी पगार जमा झाला आणि प्रमाणपत्रे कुरिअरने आली. तीन लाखांचा विषय पुन्हा निघाला नाही. पण त्या आठवड्यांत ती मुलगी झोपली नव्हती, आणि पुढे शिकायचे की नाही हा प्रश्न तिच्या घरात रोज निघत होता.

मग बॉण्ड घ्यायचाच नाही का? जरूर घ्या, पण जे दिले त्याचाच घ्या. दुसरा हिशेब मांडून दाखवते, आकडे उदाहरणादाखल आहेत. तोच बेचाळीस हजारांचा पगार. कंपनीने अभ्यासक्रमाचे एक लाख वीस हजार रुपये शुल्क भरले. शिवाय त्या व्यक्तीच्या शिल्लक रजेला हात न लावता वीस दिवस जादा पगारी परीक्षा रजा दिली. महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाचा पगार चौदाशे, म्हणजे वीस दिवसांचे अठ्ठावीस हजार. एकूण खर्च १,४८,००० रुपये. यासाठी अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर चोवीस महिन्यांची सेवा मागणे मला पूर्णपणे रास्त वाटते. आणि दर महिन्याच्या सेवेबरोबर चोविसावा हिस्सा कमी होत जावा. पंधरा महिन्यांनी ती व्यक्ती निघाली, तर नऊ महिने उरले. १,४८,००० चे नऊ चोविसांश, म्हणजे ५५,५०० रुपये. असा बॉण्ड घेऊन माणूस माझ्याकडे आला, तर मी त्याला भांडायला सांगणार नाही. पैसे भरून सन्मानाने निघा, असेच सांगेन.

हा हिशेब मी मनाने काढलेला नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांशी साधारण याच तत्त्वाने वागते. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये अध्ययन रजेचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे अटी कडक आहेत. पाच वर्षांची सेवा हवी, विषयाचा कामाशी थेट आणि जवळचा संबंध हवा, संपूर्ण सेवेत साधारण चोवीस महिन्यांहून अधिक रजा नाही, परतल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. पण बंधपत्र मोडले तर परत काय करायचे? रजेच्या काळातले प्रत्यक्ष वेतन, अध्ययन भत्ता, शुल्क, प्रवास आणि इतर खर्च, व्याजासह. म्हणजे सरकारने जे खर्च केले तेच. मनाला येईल तो आकडा नाही. वैद्यकीय कारणाने निवृत्त झालेल्यावर ही वसुली नाही. अभ्यासक्रम अर्धवट सोडला, तर ती रजा त्याच्या खात्यावरच्या नेहमीच्या रजेत बदलली जाते आणि उरलेली असाधारण रजा धरली जाते. राज्य सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांतही अध्ययन रजेची तरतूद आहे. सरकारी नियमांवर टीका करायला मला खूप जागा दिसते, पण शर्त आणि खर्च यांची सांगड त्यांनी तुमच्यापेक्षा बरी घातली आहे.

आता परीक्षेच्या दिवसांतल्या काही गोष्टी. या गोष्टी कुठल्याही कायद्यात नाहीत, पण त्यांच्यामुळेच सर्वांत जास्त पेपर बुडतात.

तुमच्या धोरणात हॉल तिकिटासह पंधरा किंवा तीस दिवस आधी अर्ज करा, असे लिहिलेले असते. दूरशिक्षणाच्या परीक्षांची हॉल तिकिटे पुष्कळदा आठवडाभर आधी निघतात. म्हणजे तुमची अट पाळणे कर्मचाऱ्याच्या हातातच नसते. परीक्षा अर्जाची पावती आणि विद्यापीठाचे तात्पुरते वेळापत्रक यांच्यावर तत्त्वतः मंजुरी द्या आणि हॉल तिकीट नंतर घ्या. पेपर पुढे ढकलला गेला, तर रजाही पुढे सरकू द्या. अतिवृष्टीने किंवा निवडणुकीने पेपर पुढे गेला, आणि मंजूर झालेली रजा वाया गेली म्हणून नवी मिळाली नाही, अशी प्रकरणे माझ्याकडे आली आहेत.

दुसरी गोष्ट पाळीची. चाकणच्या एका कारखान्यातला मुलगा मला सांगत होता. रजा पेपरच्या तारखेची मिळाली, पण आदल्या रात्री तिसरी पाळी. सकाळी सातला सुटला, बसने पुण्यात आला, केंद्राच्या बाहेरच्या नळावर तोंड धुतले आणि दहाच्या पेपरला बसला. दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर त्याला झोप लागली, पर्यवेक्षिकेने जागे केले. कागदोपत्री त्याला रजा मिळाली होती, त्यामुळे तक्रार करण्यासारखे त्याच्याकडे काहीच नव्हते. आदल्या दिवशीची पाळी बदलून द्यायला कंपनीला एक रुपयाही लागला नसता. पाळी अदलाबदलीची एक ओळ धोरणात घाला आणि ती पर्यवेक्षकाच्या मर्जीवर ठेवू नका.

तिसरी गोष्ट मला स्त्री म्हणून जास्त जाणवते. शिकण्यासाठी सवलत मागणाऱ्या मुलींना, तुझे लग्न झाले की जाशीलच, असे तोंडी उत्तर मिळते, आणि त्याच विभागातल्या मुलाला मंजुरी मिळते. वेतन संहितेने सारख्या कामासाठी नोकरीच्या शर्तींत लिंगभेद करायला मनाई केली आहे. नकार द्यायचा असेल, तर लेखी द्या आणि कारण लिहा. कारण लिहावे लागले, की असली उत्तरे आपोआप बंद होतील.

आणि जे रजा न मिळूनही पेपरला जातात, त्यांच्याबद्दल. न विचारता गैरहजर राहणे ही गैरवर्तणूक असू शकते, मी ते नाकारत नाही. पण काही दिवस दिसला नाही म्हणून नोकरी सोडली असे समजून नाव कमी करणे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात, स्थायी आदेशात तसे लिहिलेले असूनही, चौकशीविना केलेली अशी बडतर्फी रद्द ठरवली होती. पेपरच्या तारखा आणि गैरहजेरीच्या तारखा शेजारी ठेवून पाहा, माणूस कुठे होता ते तुम्हाला लगेच कळेल. मग शिक्षा द्यायचीच तर गुन्ह्याच्या मानाने द्या.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. शिल्लक रजेवर किंवा बिनपगारी रजेवर परीक्षा देणाऱ्याकडून बॉण्ड घेणे आजपासून थांबवा. जिथे तुम्ही शुल्क भरता किंवा जादा पगारी रजा देता, तिथे खर्चाचा तक्ता बॉण्डला जोडा, दरमहा घटणारी रक्कम त्यात लिहा, आणि हा मसुदा माणसाने प्रवेश घेण्याआधी त्याच्या हातात द्या. तो घरी नेऊन वाचू द्या, त्याला समजणाऱ्या भाषेत द्या आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत त्याला द्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांजवळ आपण सही केलेल्या कागदाची प्रतच नसते. मोबाइलवर घाईने काढलेला तिरका फोटो दाखवतात, आणि त्यात नेमकी रकमेची ओळ कापलेली असते. मूळ प्रमाणपत्रे आणि कोरे धनादेश तुमच्या कपाटात असतील, तर ते संबंधितांना बोलावून परत करा आणि पोच घ्या. नोकरी सोडल्यानंतरची बंदी मसुद्यातून काढून टाका.

यातले काही चुकीचे वाटत असेल, तर मला जरूर कळवा. तुमच्या कायदेशीर सल्लागारांशी समोरासमोर बसून एकेक कलम वाचायला मी तयार आहे, त्यासाठी शुल्क घेणार नाही. मुक्त आणि दूरशिक्षण विद्यापीठांच्या पुढच्या सत्र परीक्षांचे अर्ज सुरू व्हायच्या आत सुधारलेले मसुदे तुमच्या विभागांत पोहोचले, तर या वेळी तरी ती पोरे पेपरच्या आधीचे चार दिवस अभ्यासाला देऊ शकतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कामगार कायद्याचे काम करणारी एक वकील
पुणे